नंबर खरा, पण गाडी तीच का? नांदेड पासिंगची क्रेटा, टोकन द्यायच्या आधी मदत हवी

निखिल_वाकड (शुक्रवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच सेकंडहँड गाडी घेतोय, म्हणून हा धागा.

ह्युंदाई क्रेटा, डिझेल, पांढरी, ऑगस्ट २०२१ ची नोंदणी, एमएच २६ म्हणजे नांदेड पासिंग. गाडी आमच्या जवळच्याच एका सोसायटीत उभी असते. विकणारा म्हणतो की गाडी मोठ्या भावाच्या नावावर आहे, भाऊ नोकरीसाठी दुबईला गेला, आता वापर नाही म्हणून काढायची आहे. मीटरवर ४२ हजार किलोमीटर. मागतोय पावणेनऊ लाख. मी चार ठिकाणी चौकशी केली तर अशा गाडीला अकराच्या खाली कुणी बोलत नाही.

मी एमपरिवहनवर नंबर टाकून पाहिला. मॉडेल, रंग, डिझेल, नोंदणीची तारीख, सगळं जुळतं. विमा चालू आहे, पीयूसी आहे, बँकेचा बोजा नाही. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण जी अक्षरं दिसतात ती त्याने सांगितलेल्या नावाशी जमतात. आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो त्याने पाठवलाय. गाडी नावावर करायला लागणारे २९ आणि ३० नंबरचे फॉर्मही भावाने सही करून ठेवलेत म्हणे.

रविवारी संध्याकाळपर्यंत पन्नास हजार टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, असं त्याचं म्हणणं. भाव एवढा कमी का, गाडी चोरीची किंवा डुप्लिकेट नंबरची तर नाही ना, ही शंका बायकोने काढली. एवढं सगळं जुळत असताना आणखी काय तपासायचं?

---

गणेश_डी (शुक्रवार, रात्री १०:०५)

घ्या बिनधास्त. आरसी ॲक्टिव्ह आहे, बोजा नाही, विमा चालू आहे. चोरीची असती तर ब्लॅकलिस्ट म्हणून लाल अक्षरांत आलं असतं. मी दोन गाड्या अशाच घेतल्या, काही झालं नाही.

हवं तर चेसिस नंबरचं दहावं अक्षर बघा. ते वर्षाचं असतं. २०२१ ला M. आरसीवरच्या नंबरात दहावं M असेल तर विषय संपला. आणि मारुती बघत असाल तर दहाव्या जागी शून्य दिसलं की समजा नंबर खोटा.

---

सर्व्हेअर_लातूर (शुक्रवार, रात्री ११:२०)

मी विम्याचा सर्व्हेअर. बावीस वर्षं अपघाताच्या आणि चोरीच्या गाड्या बघतोय. निखिल, तुमच्या पत्नीची शंका रास्त आहे. उद्याचा दिवस हातात आहे, तोवर एक रुपया देऊ नका.

गणेशराव, ॲपने जे दाखवलं ते त्या नंबराबद्दल दाखवलं. समोर उभ्या असलेल्या लोखंडाबद्दल ॲपला काही माहिती नसते. ज्याला चोरीची क्रेटा खपवायची आहे तो आधी तशीच दुसरी क्रेटा शोधतो. तेच मॉडेल, तोच रंग, तेच इंधन, शक्यतो दूरच्या जिल्ह्यातली, म्हणजे दोन्ही गाड्या एका रस्त्यावर येऊ नयेत. मग तो नंबर आपल्या गाडीवर चढवतो. त्यामुळे ॲपवर सगळं जुळणं हे अशा फसवणुकीत ठरलेलंच असतं. चोरीची तक्रार आहे ती चोरीच्या गाडीच्या मूळ नंबराखाली. तुम्ही तपासताय तो नंबर नांदेडच्या कुणा भल्या माणसाचा, त्याची गाडी त्याच्या दारात उभी, मग ब्लॅकलिस्ट कशी दिसणार?

दहाव्या अक्षराचंही तेच. चेसिस नंबर खऱ्या गाडीचा उचललाय, तर M बरोबर येणारच. ह्युंदाईच्या नंबरात दहावं अक्षर वर्ष सांगतं हे खरं आहे. पण सगळ्या कंपन्यांना तोच नियम लावू नका. कितीतरी जुन्या मारुतींच्या नंबरात दहाव्या जागी शून्यच असतं आणि त्या गाड्या अस्सल असतात. तुमच्या हिशोबाने अर्धा महाराष्ट्र चोरीच्या वॅगनआर चालवतोय असं होईल.

आता निखिल, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, नंबर आणि हा विकणारा माणूस यांचा खरा संबंध आहे का. दोन, नंबर आणि ही गाडी यांचा संबंध आहे का.

पहिल्यासाठी सर्वांत सोपं काम ओटीपीचं. परिवहनच्या संकेतस्थळावर वाहनाच्या सेवांमध्ये गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की नोंदीत जो मोबाईल आहे त्यावर ओटीपी जातो. विकणाऱ्याला म्हणा, माझ्यासमोर तुझ्या फोनवर हे कर. भाऊ दुबईत असेना, व्हॉट्सॲप कॉल लावून भावाने ओटीपी वाचून दाखवावा. ओटीपी त्यानेच टाकायचा, तुम्ही घ्यायचा नाही. तुम्हाला फक्त तो येतो की नाही एवढं बघायचंय. नंबर उचललेला असेल तर ओटीपी नांदेडला जाईल, वाकडला येणार नाही.

आणखी एक, फास्टॅगचं स्टेटमेंट. टॅगच्या ॲपवर गेल्या तीन महिन्यांचे टोल दाखवायला सांगा. ४२ हजार किलोमीटर फिरलेली, नांदेडहून पुण्याला आलेली गाडी कुठेतरी टोल भरूनच आली असणार.

गाडीच्या अंगाचं काय बघायचं ते उद्या सकाळी सविस्तर लिहितो.

---

अनघा_नाशिक (शुक्रवार, रात्री ११:५५)

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही २०२२ मध्ये एका डीलरकडून गाडी घेतली. नाव घेत नाही, केस चालू आहे. सहा लाख चाळीस हजार दिले, त्यातले चार लाख कर्जाचे. आरटीओत गाडी रीतसर माझ्या नावावर झाली. माझ्या नावाची आरसी घरी आली. चौदा महिन्यांनी एक दिवस सकाळी परराज्यातले पोलीस आणि आपल्या ठाण्याचे हवालदार दारात. गाडी चोरीची, चेसिस बदललेला. पंचनामा केला आणि घेऊन गेले.

मला तेव्हा वाटलं की आरसी माझ्या नावावर आहे, म्हणजे गाडी माझीच. वकिलांनी सांगितलं की तसं नसतं. ज्याने विकली त्याची ती नव्हतीच, तर त्याच्याकडून मला मालकी मिळणार कुठून? मूळ मालकाला विमा कंपनीने पैसे दिले होते, त्यामुळे आता कंपनी म्हणते गाडी आमची. मी कर्जाचे हप्ते अजून भरते आहे. गाडी ठाण्याच्या आवारात ऊन-पाऊस खात उभी आहे.

निखिलदादा, पन्नास हजारांचा प्रश्न वाटतोय तुम्हाला. तेवढ्यावर थांबत नाही हे.

---

ॲड_मुक्ता (शनिवार, सकाळी ७:३०)

अनघाताईंना वकिलांनी बरोबर सांगितलंय. वस्तू विक्री कायदा १९३०, कलम २७. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही. आरटीओची नोंद हा मालकीचा भक्कम पुरावा धरला जातो, पण चोरीच्या गाडीला ती नोंद अस्सल करत नाही.

आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे गिऱ्हाईक लक्ष देत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीचा माल घेणाऱ्याबद्दल आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असणं किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असणं, दोन्ही त्यात येतं. अकरा लाखांची गाडी पावणेनऊला मिळतेय आणि मालक समोर येत नाही, तरी तुम्ही काही विचारलं नाही, तर पुढे तपास अधिकारी तुम्हाला हेच विचारणार. जे जे तपासाल त्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. पैसे द्यायची वेळ आलीच तर ज्याचं नाव आरसीवर आहे त्याच्याच खात्यात द्या, रोख नाही, भावाच्या मित्राच्या खात्यात नाही.

---

सर्व्हेअर_लातूर (शनिवार, सकाळी ८:१०)

गाडीच्या अंगाचं लिहितो म्हणालो होतो.

क्रेटाचा चेसिस नंबर पुढच्या सीटखाली, फरशीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. सीट मागे सरकवा, कार्पेटला कापलेली झडप असते ती उचला. नंबर सतरा अक्षरांचा, सुरुवात MAL ने. I, O, Q ही अक्षरं त्यात कधीच नसतात. उजेडात बघा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. कंपनीचं पंचिंग यंत्राने होतं, म्हणून सगळ्या आकड्यांची खोली सारखी आणि ओळ सरळ असते. आणि आजूबाजूच्या पत्र्यावर जो रंग असतो तोच आकड्यांच्या खाचेत असतो. हाताने ठोकलेल्यात एखादा आकडा तिरका, एखादा खोल, मधलं अंतर कमीजास्त. पत्रा घासून पुन्हा रंगवलेला असेल तर तेवढाच तुकडा जास्त चकचकीत दिसतो. बोट फिरवा, खळगा किंवा उंचवटा लागतो का बघा.

पांढरा कागद ठेवून पेन्सिल घासा आणि प्रिंट घ्या, आरटीओत पासिंगला घेतात तसा. फोटोत उजेड फसवतो, कागदावर फसवत नाही. त्याच्या कडेनेही बघा. पंचिंगभोवती चौकोनात वेल्डिंगची शिवण किंवा लांबी भरलेली दिसली तर तो पत्राच दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला आहे.

ही जी शेवटची गोष्ट लिहिली, त्यावर थोडं थांबतो, कारण ही जात सर्वांत वाईट. अपघातात चुराडा झालेली गाडी विमा कंपनी टोटल लॉस धरते आणि सांगाडा भंगारात लिलावाने जातो. पुष्कळ वेळा आरसी रद्द न होता सांगाड्याबरोबर फिरत राहते. घेणारा तो सांगाडा कागदांसाठी घेतो. तशीच गाडी चोरून आणतात, जुन्या सांगाड्याचा नंबराचा तुकडा कापून तिच्यात बसवतात. आता कागद शंभर टक्के खरे, आरसी खरी, नाव खरं. त्यामुळे काल सांगितलेला ओटीपीसुद्धा व्यवस्थित येईल! इथे ओटीपी तुम्हाला वाचवणार नाही. इथे पत्रा बोलतो, आणि विम्याचा इतिहास बोलतो. चालू पॉलिसीचा नंबर घेऊन कंपनीला फोन करा. या गाडीवर आधी मोठा क्लेम झालाय का, पॉलिसीत मध्येच एक वर्ष खंड पडलाय का, हे काढा.

अजून एक बारीक गोष्ट, जी ठोकाठोकी करणारे विसरतात. सीटबेल्ट पूर्ण ओढा. बुडाशी शिवलेल्या पट्टीवर बेल्ट कधी बनला ती तारीख असते. बेल्ट आधी बनतो, मग गाडीत बसतो, म्हणजे तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची हवी.

---

रानवारा (शनिवार, सकाळी ९:००)

थोडा वेगळा प्रश्न आहे. माझी स्विफ्ट कोल्हापूरला असते. गेल्या दोन महिन्यांत ठाण्याची तीन ई-चलानं आली. मी ठाण्याला गेलोच नाही. नंबरप्लेट चोरीला गेलेली नाही. हे विकत घेण्याबद्दल नाही माहीत आहे, पण मी काय करू?

---

गणेश_डी (शनिवार, सकाळी ९:१५)

कॅमेरा चुकतो कधीकधी. ३ चा ८ वाचतो. चलान भरून टाका, पाचशे रुपयांसाठी कुठे फिरता.

---

सर्व्हेअर_लातूर (शनिवार, सकाळी ९:५०)

भरू नका! भरलंत म्हणजे त्या जागी गाडी तुमचीच होती हे मान्य केल्यासारखं झालं. चलानाबरोबरचा फोटो उघडून बघा. फोटोत नंबर वेगळा असेल तर गणेशराव म्हणतात तशी वाचनाची चूक. नंबर तुमचाच, गाडीही स्विफ्टच, पण अलॉय वेगळे, पुढचा बंपर वेगळा, तर तुमचा नंबर कुणीतरी लावून फिरतोय. महाट्रॅफिकवर तक्रार टाका आणि स्वतःच्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर तो कागद तुमच्या कामाला येईल.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताज हॉटेलच्या समोर एकाच नंबरच्या दोन एर्टिगा सापडल्या, ते आठवत असेल. तिथेही खऱ्या मालकाला आधी चलानंच येत होती. दुसऱ्याने कर्जवसुलीवाल्यांना चुकवायला आपल्या प्लेटवरचा एक आकडा बदलला होता. ती चोरीची गाडी नव्हती, पण नंबर कसा उचलला जातो हे त्यात दिसतं.

आणि निखिल, तुमचा प्रश्न वेगळा नाही, हा त्याचाच आरसा आहे. तुम्ही त्या क्रेटाची चलानं बघा. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे लागतात, ते तुमच्याकडच्या आरसीच्या फोटोत आहेत. फोटोतली गाडी आणि वाकडची गाडी शेजारी ठेवून बघा.

---

निखिल_वाकड (शनिवार, दुपारी १२:३०)

काका, बघितली. दोन चलानं थकीत आहेत. एक जुनं. दुसरं याच महिन्यातलं, नांदेड शहरातलं, सिग्नलचं. फोटोत क्रेटा पांढरी, पण छतावर काळं कॅरिअर आहे आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘आई’ लिहिलंय. वाकडच्या गाडीवर दोन्ही नाही.

सगळ्यात विचित्र हे की चलानाच्या तारखेला सकाळी त्याने मला वाकडच्या पार्किंगमधून गाडीचा व्हिडिओ पाठवला होता. चलानाची वेळ दुपारी पावणेबाराची आहे.

---

गणेश_डी (शनिवार, दुपारी १२:४५)

व्हिडिओ जुना असू शकतो. कॅरिअर काढता येतं. स्टिकर तर नखाने निघतो. एवढ्यावरून कुणाला चोर म्हणू नये.

---

सर्व्हेअर_लातूर (शनिवार, दुपारी १:१०)

गणेशराव, हे तुमचं बरोबर. स्टिकरने काही सिद्ध होत नाही, आणि व्हिडिओ त्याच दिवशीचा आहे हे निखिलना ठामपणे सांगता येणार नाही. म्हणून प्रत्यक्ष गाडी बघणं आलंच. जाताना एकटे जाऊ नका, पैसे बरोबर नेऊ नका. शंका आहे असं तोंडावर दाखवू नका. नेहमीचं गिऱ्हाईक जसं खाली-वर बघतं तसं बघा.

पाटीही बघून घ्या. २०२१ ची गाडी म्हणजे कंपनीकडूनच उच्च सुरक्षेची पाटी आलेली. डावीकडे खाली लेझरने कोरलेला नंबर असतो. पुढच्या आणि मागच्या पाटीचा तो नंबर वेगवेगळा असतो. पुढच्या काचेवर आतून जो स्टिकर असतो, डिझेलला नारिंगी, त्यावर हे नंबर दिलेले असतात. खोट्या पाट्यांवर बहुधा लेझर नंबरच नसतो, किंवा दोन्हीकडे एकच.

---

सावंतवाडीकर (शनिवार, दुपारी ३:२०)

आमच्याकडे आणि खाली गोव्यात दिल्लीच्या गाड्या खूप आल्या. तिथे डिझेल दहा वर्षांनी चालवू देत नव्हते म्हणून स्वस्तात निघाल्या, एनओसी घेऊन इकडे पासिंग केल्या. मी अशीच एक बघतोय. एजंट म्हणतो २८ नंबरचा फॉर्म आहे, काळजी नको. हा फॉर्म खरा कसा ओळखायचा?

---

सर्व्हेअर_लातूर (शनिवार, दुपारी ४:००)

कागद बघून नाही ओळखता येत, शिक्के कुणीही मारतं. परिवहनच्या वाहन पोर्टलवरच्या नोंदीत त्या गाडीची स्थिती बघा. एनओसी खरंच दिली असेल तर तिथे तसं दिसतं. एजंटच्या हातात एनओसी आणि नोंदीत गाडी साधी ॲक्टिव्ह, तर तिथेच थांबा. एनसीआरबीच्या वाहन समन्वयवर गाडी नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर तिन्ही टाकून चोरीची नोंद आहे का तेही बघा. पण टाकताना आरसीवरचा चेसिस टाकू नका, पत्र्यावरचा टाका. लोक इथेच चुकतात.

आणि परराज्याची एनओसी आहे म्हणजे तपासणी झाली असेल, असं धरू नका. २०२४ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी जे ट्रक पकडले ते ईशान्येकडच्या राज्यांतून कागद करून विदर्भात पुन्हा नोंदवलेले होते, आणि त्यात आरटीओतले लोकही अटकेत गेले. कागद दोन राज्यांतून फिरून आला की तो धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो.

---

निखिल_वाकड (शनिवार, रात्री ९:१५)

जाऊन आलो. मेव्हणा बरोबर होता, त्याचं गॅरेज आहे चिंचवडला. क्रमाने लिहितो.

पाटी. पुढे लेझर नंबर आहे, मागेही आहे, आणि दोन्ही एकच. काचेवर स्टिकर नाही. काच बदलली तेव्हा गेला म्हणाला.

चेसिस. सीटखालची झडप उचलली. कार्पेटला नवीन गोंदाचा वास. सुरुवातीची अक्षरं ठीक वाटली, पण शेवटचे सहा आकडे मेव्हण्यालाही खटकले. पेन्सिलने प्रिंट घेतला, फोटो खाली जोडलाय. नंबर मात्र आरसीशी तंतोतंत जुळतो. दरवाजाच्या मधल्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, तो नव्हता. तो खांब रंगवलाय.

सीटबेल्ट. काका, इथे मात्र अंगावर काटा आला. ड्रायव्हरच्या बेल्टवर फेब्रुवारी २०२२. शेजारच्या सीटचा फेब्रुवारी २०२२. मागचा डावा जानेवारी २०२२. गाडीची नोंदणी ऑगस्ट २०२१!

ओटीपी. भावाचं सिम बंद आहे म्हणाला. मग म्हणाला भारतातला नंबर रोमिंगवर नाही. फास्टॅग बँकेने बंद केलाय म्हणे. मी म्हटलं जुनं स्टेटमेंट दाखवा, तर ‘तुम्हाला गाडी घ्यायचीय का चौकशी करायचीय’ असा सूर लागला. उद्या सकाळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅन करू, खर्च माझा, असं म्हटल्यावर गाडी बाहेर काढायला चक्क नकार.

---

सर्व्हेअर_लातूर (शनिवार, रात्री १०:००)

प्रिंट बघितला. शेवटच्या सहांत दोन वेळा ८ आलाय आणि दोन्ही ८ सारखे नाहीत. एका यंत्राने मारलेले दोन ८ वेगळे येत नाहीत. ओळही उजवीकडे चढते.

एक बेल्ट बदलला असता तर अपघात झाला असेल म्हटलं असतं. तीन बेल्ट, वेगवेगळ्या सीटचे, एकाच सुमाराचे आणि नोंदणीनंतरचे. माझ्या मते ही गाडी २०२२ च्या सुरुवातीला बनलेली आहे, तिच्यावर २०२१ चा नंबर चढवलाय. कापून जोडलेली नाही, घासून ठोकलेली आहे. फोटोवरून बोलतोय, त्यामुळे शेवटचा शब्द माझा धरू नका.

सर्व्हिस सेंटरला गाडीशिवायही जा. नंबरावर सर्व्हिसचा इतिहास निघतो. ते मालकाचं नाव-पत्ता देणार नाहीत, द्यायलाही नको. शेवटची सर्व्हिस कधी, कुठे, किती किलोमीटरला, एवढं विचारा.

---

दत्ता_भोसरी (शनिवार, रात्री १०:४०)

काका, एक शंका. ओटीपीवर एवढा भर देताय, पण नोंदीतला मोबाईल बदलता येतो ना? आमच्या ओळखीत एकाचा असा परस्पर बदलला गेला होता. आणि उलट, माझ्या गाडीला शोरूमच्या पोराने स्वतःचाच मोबाईल टाकलाय. मी उद्या गाडी विकायला काढली तर मलाही ओटीपी येणार नाही. मग मी चोर का?

---

सर्व्हेअर_लातूर (शनिवार, रात्री ११:०५)

दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्हींना माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ओटीपी आला म्हणजे माणूस खरा, असं सिद्ध होत नाही. नाही आला म्हणजे खोटा, असंही नाही. तुमच्यासारख्या माणसाने विकायच्या आधी मोबाईल दुरुस्त करून घ्यावा, एवढं मात्र घेणाऱ्याने हट्टाने सांगावं. खरा मालक चार दिवस जाऊ दे म्हणतो आणि करून आणतो. हा माणूस रविवार संध्याकाळची मुदत घालतोय.

---

निखिल_वाकड (सोमवार, दुपारी २:३०)

उशीर झाला, पण सगळं लिहितो.

आज सकाळी सर्व्हिस सेंटरला गेलो. ॲडव्हायझरने नंबर टाकला. शेवटची सर्व्हिस तीन आठवड्यांपूर्वी, नांदेडला, ७८ हजार किलोमीटरला. मी वाकडच्या मीटरचा फोटो दाखवला, ४२ हजार. तो बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या फोनवरून त्या मालकाला फोन लावला. मालक नांदेडलाच आहेत, दुबईबिबई काही नाही. गाडी त्यांच्या दारात आहे, छतावर कॅरिअर आहे. त्यांना पुण्याच्या पार्किंगचं एक चलान आलं होतं, चुकून आलं असेल म्हणून त्यांनी भरूनही टाकलं.

तिथून ठाण्यात गेलो. पैसे दिले नाहीत म्हणजे माझी फसवणूक झालेली नाही, त्यामुळे माझ्या नावाने गुन्हा नोंदवता येणार नाही असं सांगितलं. पण लेखी अर्ज घेतला, पोच दिली. चेसिसचा प्रिंट, बेल्टचे फोटो, चलान, सगळं जोडलं. नांदेडचे मालकही तिकडे अर्ज देतायत.

दुपारी त्या सोसायटीवरून आलो तर गाडी नाही. वॉचमन म्हणाला रविवारी पहाटेच गेली. फोन बंद.

---

ॲड_मुक्ता (सोमवार, दुपारी ३:१५)

सोसायटीच्या रजिस्टरची नोंद आणि कॅमेऱ्याचं चित्रीकरण काही दिवसांनी पुसलं जातं. ते जपून ठेवा असं पत्र सोसायटीच्या सचिवांना आजच द्या आणि त्याची प्रत ठाण्यात द्या. त्याने पाठवलेला आरसीचा फोटो आणि सगळे व्हॉट्सॲप संदेश फोनवरून पुसू नका.

---

गणेश_डी (सोमवार, दुपारी ४:००)

मी बिनधास्त घ्या म्हणालो होतो, ते चुकलं. काल माझ्या दोन्ही गाड्यांचे बेल्ट ओढून बघितले. तारखा बरोबर आहेत. पण मग ही क्रेटा नक्की कुणाची होती, ते कधी कळणार? नंबर तर घासलाय.

---

सर्व्हेअर_लातूर (सोमवार, सायंकाळी ६:२०)

गाडी सापडली तर कळू शकतं. नंबर ठोकताना दाब पत्र्याच्या आतपर्यंत जातो. वरून घासला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून जुने आकडे बऱ्याचदा पुन्हा वर येतात. फार खोल घासला असेल तर येत नाहीत. शिवाय गाडीच्या संगणकात कंपनीचा चेसिस नंबर साठवलेला असतो, तो स्कॅनरवर वाचता येतो. गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायला नकार आला तो त्याचसाठी असावा. पण गाडी हाताशी हवी. आत्ता तरी ती कुठे आहे कुणालाच माहीत नाही.

---

अनघा_नाशिक (सोमवार, रात्री ८:४५)

निखिलदादा, तुमचे पैसे वाचले, खूप बरं वाटलं.

काका, माझी गाडी अजून ठाण्याच्या आवारात आहे. तिच्या बेल्टवर कुठली तारीख आहे हे मी चौदा महिने चालवूनही कधी बघितलं नाही. आता बघू देतील का? डीलर कोर्टात म्हणतोय की त्यालाही माहीत नव्हतं. बेल्टची तारीख वेगळी निघाली तर त्याला हे कळायला हवं होतं, असं म्हणता येईल का?

---

ॲड_मुक्ता (सोमवार, रात्री ९:३०)

ताई, परस्पर जाऊन गाडीला हात लावू नका, तो मुद्देमाल आहे. तुमच्या वकिलांमार्फत कोर्टात अर्ज करून पंचांसमक्ष पाहणी मागा. सगळे बेल्ट, काचांवरचे कोड आणि संगणकातला नंबर, सगळं एकदम मागा, पुन्हा पुन्हा परवानगी मिळत नाही. रोज गाड्या विकणाऱ्या माणसाने हे बघायला हवं होतं, हा युक्तिवाद करता येईल. कोर्ट किती मानेल ते मी इथून सांगू शकत नाही. आधीच्या मालकाच्या विम्याच्या क्लेमची कागदपत्रं मागवली आहेत का तुमच्या वकिलांनी?

---

अनघा_नाशिक (सोमवार, रात्री ९:४०)

नाही. उद्या विचारते.